व्याजदर कमी झालेला दिसतोय, पण स्प्रेड तोच आहे का?

प्रश्न: पुण्यात तयार फ्लॅट घेतोय. बँकेनं मे २०२५ मध्ये ४० लाखांचं गृहकर्ज मंजूर केलं. सँक्शन लेटरमध्ये ‘रेपो ६.०० + स्प्रेड २.५० = ८.५० टक्के, प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के अधिक जीएसटी, मुदत २० वर्षं’ असं आहे. आता जूनच्या शेवटच्या आठवड्यात सह्या करायला बोलावलंय. कराराची प्रत आधी मागून घेतली, तर शेवटच्या पानावर ‘रेपो ५.५० + स्प्रेड २.९० = ८.४० टक्के, प्रोसेसिंग फी ०.५० टक्क्यांपर्यंत, २४० महिने’ असं आहे. दर कमीच झालाय ना? मग सही करून टाकावी का? वडील म्हणतात, सगळं ताडून बघ. पण नेमकं काय कशाशी ताडायचं?

उत्तर:

सही एवढ्यात करू नका. तुमचा दर ८.५० वरून ८.४० झाला हे खरं, पण तो ८.०० व्हायला हवा होता. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो रेपो दर तिनं ६ जून २०२५ ला ६.०० वरून ५.५० वर आणला. म्हणजे तुमचं सँक्शन लेटर आणि करार यांच्या मधल्या काळात व्याज अर्ध्या टक्क्यानं स्वस्त झालं. त्यातला ०.१० टक्का तुमच्या वाट्याला आला आणि ०.४० टक्का स्प्रेडच्या, म्हणजे रेपोवर बँक स्वतः लावते त्या वाढीच्या, रकान्यात गेला. बेरजेचा आकडा आधीपेक्षा लहान दिसतो, म्हणून हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दर वाढला असता तर तुम्ही लगेच विचारलं असतंत.

माझ्या नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या कर्ज विभागात दस्तऐवज तपासण्यात गेली. फ्लोटिंग कर्जाचे कागद समोर आले की मी एकूण दर सगळ्यात शेवटी बघायचो, आधी स्प्रेड. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घर, वाहन वगैरेंसाठीची फ्लोटिंग किरकोळ कर्जं बाहेरच्या निर्देशांकाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो निवडलाय. रेपो तुमच्या हातात नाही आणि बँकेच्याही नाही. तो चढला तर सगळ्यांचा चढतो, उतरला तर सगळ्यांचा उतरतो. तुमच्या आणि बँकेच्या मध्ये ठरतो तो फक्त स्प्रेड.

आणि एकदा ठरला की तो चिकटतो. नियमानुसार बँकेला स्प्रेडमधला तुमच्या पतजोखमीचा भाग मधेच बदलता येत नाही. तुमची पत लक्षणीय बदलली, आणि तेही करारात लिहिलंय त्या पद्धतीनं, तरच. बाकीचे घटक तीन वर्षं वाढवता येत नाहीत. हा नियम कर्जदाराच्या संरक्षणासाठी आहे, पण २.९० वर सही झाली की तेच २.९० पक्कं होऊन बसतं. उद्या रेपो आणखी उतरला तरी २.५० वाल्या शेजाऱ्यापेक्षा तुम्ही ०.४० टक्का जास्तच भरत राहणार.

रुपयांत बघा. ४० लाख, २४० महिने. ८.४० टक्क्यांनी हप्ता येतो ३४,४६० रुपये, ८.०० टक्क्यांनी ३३,४५८. महिन्याला १,००२ रुपयांचा फरक. दर पुढे हलला नाही असं धरलं तर वीस वर्षांत सुमारे २ लाख ४० हजार. बँकेच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका, घरीच एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे सूत्र टाका:

```
=PMT(8.4%/12, 240, -4000000)
=PMT(8%/12, 240, -4000000)
```

आता बँकेची बाजू. सँक्शन लेटरमध्ये बहुधा एक वाक्य असतं: ‘प्रत्यक्ष व्याजदर पहिल्या वितरणाच्या दिवशी लागू असेल तो राहील.’ ते तुमच्याही पत्रात शोधा. त्याचा सरळ अर्थ असा की मधल्या काळात रेपो वाढला तर तुम्हाला वाढीव दर लागेल आणि उतरला तर उतरलेला. रेपोपुरतं ते वाजवीच आहे. पण काही बँका याच वाक्याखाली स्प्रेडही नव्यानं लावतात आणि सांगतात, ‘सर, नवीन दरपत्रक आलंय.’ रेपो उतरल्यावर नव्या ग्राहकांसाठी स्प्रेड वाढवून आपलं उत्पन्न राखणं ही या धंद्यातली जुनी गोष्ट आहे. म्हणून ते वाक्य शब्दशः वाचा. त्यात फक्त रेपो बदलेल असं आहे की ‘स्प्रेडसह दर’ बदलेल असं आहे, यावर तुमची बाजू किती भक्कम ते ठरेल. पत्राची वैधता कधी संपते हेही बघा. मुदत उलटलेलं सँक्शन लेटर घेऊन भांडता येत नाही, तेव्हा बँक नवा प्रस्ताव समजून नव्या अटी लावू शकते.

स्प्रेड वाढायला तुमच्या बाजूचंही कारण असू शकतं. मंजुरीनंतर कोणी फ्रीज-सोफा हप्त्यावर घेतो, गाडीचं कर्ज काढतो किंवा चार ठिकाणी चौकशीचे अर्ज टाकतो. वितरणाआधी बँक क्रेडिट स्कोअर पुन्हा काढते आणि तो खालच्या टप्प्यात गेलेला निघतो. कधी सवलत अटीवर दिलेली असते: पगाराचं खातं आमच्याकडे आणा, पत्नीचं नाव मालकीत पहिलं घ्या, अमुक तारखेच्या आत वितरण घ्या. अट पाळली गेली नाही की सवलत जाते. म्हणून बँकेला ‘दर का वाढवला?’ असं विचारू नका. ‘वाढवला कुठे, कमी केला’ हे उत्तर तयारच असतं. ‘स्प्रेड २.५० चा २.९० कोणत्या कारणानं झाला?’ हे विचारा. त्याला कारण सांगावंच लागतं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक पुरवणी. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिथे बहुधा रेपो नसतो. कंपनीनं स्वतः ठरवलेला मूळ दर, म्हणजे पीएलआर, असतो आणि तुमचा दर ‘पीएलआर वजा अमुक’ असा लिहिलेला असतो. तिथे ती वजावट ताडायची. नागरी सहकारी बँकांनाही रेपोशी जोडण्याची सक्ती नाही. त्यामुळे तिथे दर कशावर ठरतो आणि तो बदलायचा अधिकार कोणाला, ते कलम आधी वाचा.

आता कागद. करार म्हणजे छापील पुस्तिका असते. तिच्यात कलमांमागून कलमं येतात आणि दर, फी, मुदत या प्रत्येक ठिकाणी ‘परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या कर्जाचे खरे आकडे शेवटच्या दोन-तीन पानांच्या परिशिष्टात असतात. तुम्ही तेच पान बघितलंत हे बरं केलंत. त्यासोबत पुस्तिकेतलं आणखी एक कलम शोधा: ‘या करारातील अटी व आधीचा पत्रव्यवहार यांत विसंगती असल्यास करार ग्राह्य धरला जाईल.’ शब्द वेगळे असतील, पण ते जवळपास प्रत्येक करारात असतं. सही झाल्यावर सँक्शन लेटर दाखवून ‘इथे तर २.५० होतं’ म्हणायची सोय हेच कलम काढून घेतं. ताडून बघायचं ते सहीच्या आधी, एवढ्याचसाठी.

तुमच्याकडे तिसराही एक कागद असायला हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाबरोबर ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे केएफएस, देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं, तेव्हा मराठीत मागायला संकोच करू नका. त्यात कर्जाची रक्कम, दर, स्प्रेड, मुदत, हप्त्यांचा तक्ता आणि सगळे आकार एका जागी मांडलेले असतात. त्याची वैधता किमान तीन कामकाजाचे दिवस असते आणि त्या मुदतीत तुम्ही होकार दिलात तर त्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक होतात. केएफएसचा सारांश करारातही चौकटीत छापावा लागतो. तुमच्याकडे दोन केएफएस असण्याची शक्यता आहे: मे महिन्यात मंजुरीबरोबर एक केएफएस दिलं असेल आणि आता करारासोबत दुसरं. दोन्ही काढा, तारखा बघा. दुसऱ्यावर तुमच्याकडून सही किंवा ओटीपी आधीच घेतलाय का, हेही आठवून बघा. हल्ली ‘फाइल पुढे सरकवायला एक ओटीपी द्या’ म्हणून फोनवर होकार घेतला जातो, आणि तो होकार नेमका कशाला होता ते नंतर कळतं.

केएफएसमधला एपीआर, म्हणजे सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर, हा फी तपासायचा जवळचा रस्ता आहे. तुमच्या मूळ अटींनुसार हिशेब असा: ४० लाखांवर ०.३५ टक्के म्हणजे १४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२०, एकूण १६,५२०. दर ८.०० आणि एवढीच फी धरली तर एपीआर साधारण ८.०६ येतो. कागदावर तो ८.४ किंवा ८.५ दिसला तर समजा, दर तरी वेगळा लावलाय किंवा आत आणखी काहीतरी बसलंय. बहुतेक वेळा तो विमा असतो. सव्वा लाखाचा एकरकमी विमा हप्ता कर्जाच्या खर्चात धरला तर एपीआर ०.४ टक्क्याच्या आसपास उडी मारतो.

तुमच्या करारातल्या ‘०.५० टक्क्यांपर्यंत’ या शब्दांना माझी हरकत आहे. ती कमाल मर्यादा झाली, फी नव्हे. तुमच्या कर्जाच्या परिशिष्टात नेमकी रक्कम रुपयांत यायला हवी. ०.५० पूर्ण लावली तर २०,००० अधिक जीएसटी मिळून २३,६०० होतात, म्हणजे ७,०८० रुपये जास्त. व्याजाच्या फरकापुढे ही रक्कम लहान आहे, पण ती एकदाच आणि वितरणाच्या वेळीच कापली जाते, नंतर परत मागणं कटकटीचं. अर्ज करताना लॉगिन फी म्हणून काही भरलं असेल तर ते या रकमेतून वजा होणार की वेगळं, हे लिहून घ्या. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांचे पैसे वेगळे असतील तर त्यांचे आकडेही केएफएसमध्ये हवेत आणि पावत्याही मिळायला हव्यात. केएफएसमध्ये नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. स्टॅम्प ड्युटी आणि आपल्याकडचं नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची दुय्यम निबंधकाला द्यायची सूचना, हे मात्र सरकारी खर्च आहेत, ते फीच्या भांडणात मिसळू नका.

फीबरोबर कर्जाची रक्कमही अंकी आणि अक्षरी दोन्हीकडे वाचा. ती ४० लाखच असायला हवी. ४१ लाख २० हजार असेल तर वरचे १ लाख २० हजार बहुधा कर्जसुरक्षा विम्याचे असतात. तेवढ्या रकमेचा ८ टक्क्यांनी हप्ता होतो महिन्याला सुमारे १,००४ रुपये, म्हणजे स्प्रेडमध्ये वाचवलेलं सगळं इथून परत गेलं. विमा घेणं वाईट नाही. पण तो बँकेच्याच कंपनीचा आणि कर्जातूनच भरलेला हवा, अशी सक्ती मान्य करू नका.

मुदतीच्या बाबतीत तुमचे २४० महिने आणि २० वर्षं जुळतात. तरी थांबा, कारण मुदत खरी बदलते ती तुम्ही दराबद्दल तोंड उघडल्यावर. तुम्ही म्हणाल, माझा हप्ता ३३,४५८ यायला हवा. समोरचा म्हणेल, ‘हप्त्याचंच ना? करून देतो तेवढा.’ पाच मिनिटांत नवं पान येईल आणि त्यावर हप्ता ३३,४५८ असेलही. दर मात्र ८.४० तसाच आणि मुदत २६० महिने. ते असं पडताळा:

```
=NPER(8.4%/12, -33458, 4000000)
```

उत्तर जवळजवळ २६० येतं. हप्ता तेवढाच, पण वीस महिने जास्त. एकूण भरणा साडेसहा लाखांहून अधिक वाढतो, म्हणजे जादा हप्ता भरण्यापेक्षाही हे महाग. दर, हप्ता आणि मुदत यांतले कोणतेही दोन दिले की तिसरा गणितानंच ठरतो. त्यामुळे एकाच पानावरचे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, हे प्रत्येक नव्या पानावर पुन्हा बघायचं. करारातल्या तीन जागांची मुदतही एकच हवी: परिशिष्ट, केएफएस आणि हप्त्यांच्या तक्त्याची शेवटची ओळ. तक्ता बाहेर संगणकावर तयार होतो, परिशिष्ट कोणीतरी हातानं भरतं, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच तफावती याच सांध्यात होत्या. तुमचा फ्लॅट तयार आहे म्हणून प्री-ईएमआयचा, म्हणजे पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत नुसतं व्याज भरण्याचा, प्रश्न नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला मात्र विचारावं लागतं की २४० महिने पहिल्या वितरणापासून मोजणार की पूर्ण हप्ता सुरू झाल्यापासून.

आता करायचं काय. शाखेत जाऊन तोंडी बोलण्याआधी मेल पाठवा. ज्यानं फाइल आणली त्या एजंटला नव्हे. शाखेच्या अधिकृत पत्त्यावर, कर्ज अधिकाऱ्याच्या नावे. चार ओळी पुरेत:

‘सँक्शन लेटर क्र. ___, दि. ___ मध्ये स्प्रेड २.५० टक्के आणि प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के आहे. आज मिळालेल्या करार मसुद्याच्या परिशिष्टात स्प्रेड २.९० टक्के आणि फी ०.५० टक्क्यांपर्यंत असे आहे. रेपो ५.५० धरता आमचा दर ८.०० टक्के व हप्ता ३३,४५८ रुपये येतो. कृपया दुरुस्त परिशिष्ट व केएफएस द्यावे, अथवा स्प्रेड बदलण्याचे कारण लेखी कळवावे.’

यात राग नाही, आरोप नाही, फक्त दोन कागदांतला फरक आहे. अशा मेलला उत्तर देताना अधिकाऱ्याला फाइल उघडावी लागते. पुष्कळदा उत्तर एवढंच असतं की जुन्या नमुन्यातला आकडा राहून गेला होता, आणि दुरुस्त पान येतं. ‘सिस्टीममध्ये बरोबर आहे, कागदावर फक्त तसं दिसतंय’ असं कोणी म्हणालं तर सिस्टीममधला तक्ता छापून, शिक्क्यासह मागा.

सह्यांच्या दिवशी परिशिष्टातली एकही जागा कोरी किंवा पेन्सिलीत नको. लागू नसलेल्या ठिकाणी आडवी रेघ मारून घ्या. खाडाखोड असेल तर तिथे तुमची आणि बँकेच्या अधिकाऱ्याची, दोघांची सही हवी. शक्यतो खाडाखोड नकोच, पान नवं छापून घ्या. रिसेटची तारीखही त्याच पानावर असते. रेपो बदलल्यावर तो तुमच्या दरात तीन महिन्यांच्या आत उतरायला हवा. ई-साइन असेल तर ओटीपी टाकण्याआधी पीडीएफ उतरवून घ्या आणि मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर वाचा. कराराची सर्व जोडपत्रांसह प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. ‘पंधरा दिवसांनी पोस्टानं येईल’ म्हणाले तर सही केलेल्या परिशिष्टाचे फोटो तिथेच काढा.

बँक नाही म्हणाली तर? इथे तुमची अडचण दराची नसून तारखेची असते. विकणाऱ्याला दिलेली मुदत, टोकन, खरेदीखताची नोंदणी. शाखेलाही ते ठाऊक असतं. तुमच्या हातात तीन-चार आठवडे असतील तर दुसरीकडे अर्ज करणं परवडतं: नवी फी आणि नवा शोध अहवाल मिळून जाणारे पैसे २ लाख ४० हजारांपुढे थोडे आहेत. तेवढे दिवस नसतील तर सही करा, पण हरकतीचा मेल आधी गेलेला असू द्या. व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही, त्यामुळे काही महिन्यांनी कर्ज दुसऱ्या बँकेत हलवता येतं. खर्च येतो तो नव्या बँकेची फी, स्टॅम्प ड्युटी आणि पुन्हा नोटीस ऑफ इंटिमेशन यांचा. तीच बँक कधी कधी ठरावीक रूपांतर शुल्क घेऊन स्प्रेड कमीही करून देते.

मेलला उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही किंवा तो पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते आणि पतपेढीची सहकार खात्याकडे. पण हे नीट समजून घ्या: तुम्ही २.९० वर राजीखुशीनं सही केली असेल आणि केएफएसमध्येही २.९० च असेल, तर लोकपाल तो आकडा खाली आणून देईल ही आशा धरू नका. स्प्रेड किती असावा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. केएफएस एक सांगतंय आणि करार किंवा खातं दुसरं, अशी तफावत दाखवता आली तर मात्र तुमची तक्रार उभी राहते.

वितरण झालं की पहिल्या आठवड्यातच ॲपमध्ये कर्जखातं उघडा आणि दर, उरलेले महिने, पहिल्या हप्त्याची तारीख बघा. व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासून लागायला हवं, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून नाही. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये यावर बँकांना स्पष्ट ताकीद दिलीय. चेक लिहिला एका तारखेला आणि विकणाऱ्याच्या हातात पडला आठ दिवसांनी, तर मधल्या आठ दिवसांचं व्याज मागून परत घ्या. ४० लाखांवर ८ टक्क्यांनी ते सात हजारांच्या आसपास होतं.